वीसजणांत एकही नाही

त्या रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगायचं. एक, मागची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकते. दोन, गुरुवारच्या बैठकीत शोधनिबंध वाचणार असशील तर माणसांचा आकडा तोंडपाठ ठेव, कारण संख्याशास्त्राच्या बाई समोर बसलेल्या असतात.

बाईंची खोली जिन्याखाली होती. पूर्वी तिथे चादरी ठेवायचे, त्यामुळे अजूनही खोलीला खळीचा वास यायचा. बाई बुटक्या, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, चष्मा दोरीने गळ्यात. कुणी कितीही रंगीत आलेख दाखवो, त्या चष्मा डोळ्यांवर चढवायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "किती जणं?"

बस, एवढंच. त्या दोन शब्दांनी भल्याभल्यांची फे फे उडालेली होती. एकदा हाडांच्या एका डॉक्टरसाहेबांनी छाती पुढे काढून सांगितलं, "सदुसष्ट टक्के रुग्णांना पूर्ण आराम."

"किती जणं?"

"अं... हा सुरुवातीचा अभ्यास आहे, मॅडम."

"हो, पण किती?"

"तीन."

"म्हणजे दोघांना आराम पडला," बाई म्हणाल्या. "तसं सांगा ना. त्यांची नावंसुद्धा सांगता येतील."

तेव्हापासून त्यांचं नाव पडलं कितीजणबाई. पाठीमागे म्हणायचे, पण त्यांना ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. माणसाला आपल्या कामावरून नाव पडावं याच्यात एक ऐट असते. आपण इथे बसलोय म्हणून कुणाला तीन माणसांचे सदुसष्ट टक्के करून विकता येत नाहीत, या समाधानात त्या घरी जायच्या आणि नवऱ्याला पोळ्या लाटता लाटता त्या दिवशीची शिकार सांगायच्या. नवरा म्हणायचा, "तू एक दिवस देवालाही विचारशील, एकाच पृथ्वीवर जीव निर्माण करून पाहिलास?" बाई म्हणायच्या, "विचारायलाच पाहिजे."

मग आलं वार्षिक संमेलन.

रुग्णालयात एक स्पीच थेरपिस्ट होती. पक्षाघाताचा झटका येऊन ज्यांची जीभ जड झाली त्यांना पुन्हा बोलायला शिकवणं आणि ज्यांचा घसा नीट चालत नाही त्यांना पुन्हा गिळायला शिकवणं, हे तिचं काम. वयाने तिशीच्या आत, आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. तिला सगळे बोलकी म्हणायचे. संमेलनात ती मंचावर आली तीच अंबाड्यात पेन्सिल खोचून आणि गळ्यात दोरीचा चष्मा अडकवून. सभागृहात पहिली खसखस तिथेच पिकली.

नाट्यछटा छोटी होती. नदीत एकजण बुडतोय. तो ओरडतो, "वाचवा, वाचवा." काठावर बोलकी, म्हणजे बाई. चष्मा चढवते. खाली वाकून विचारते, "किती जणं बुडताय?"

"एकटाच आहे हो."

"मग पुरेसं नाही." चष्मा काढते. "अजून थोडे येऊ द्या."

सभागृह फुटलं. विभागप्रमुख सरांना हसता हसता ठसका लागला. वॉर्डच्या सिस्टर एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. आणि बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बाईंचा नवरा, सव्वीस वर्षांच्या संसाराचा साक्षीदार, रुमालाने डोळे पुसत होता.

बाईही हसल्या. तोंडाने हसल्या. मानेवर मात्र घाम आला होता आणि कान तापले होते. आवाज तर हुबेहूब होता. 'किती' म्हणताना त्या शेवटचा स्वर वर उचलतात, हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं. आपण इतकी वर्षं कुणालातरी बुडताना पाहत उभ्या होतो की काय, असं क्षणभर वाटून गेलं.

घरी जाताना नवरा म्हणाला, "अगं, गंमत होती ती."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तेच तर."

*

पुढच्याच गुरुवारच्या बैठकीत निबंध होता बोलकीचा.

विषय गिळण्याचा. झटका आलेल्या माणसाला खायला देण्याआधी त्याचा घसा तपासावा लागतो. घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. पूर्ण चाचणीत नाकातून बारीक कॅमेरा घालून, रंगीत दूध पाजून, ते नेमकं कुठे जातं हे पडद्यावर बघतात. पण यंत्र एकच, वेळ खूप. रुग्णाला दोन-दोन दिवस नाकातल्या नळीवर ठेवावं लागे. घरचे म्हणत, उपाशी मारताय का माणसाला?

म्हणून बोलकीने लहान चाचणी काढली होती. तीन चमचे पाणी, मग अर्धा कप. खोकला आला नाही, आवाज ओला, म्हणजे घशात पाणी साचल्यासारखा, झाला नाही, की जेवण सुरू. तिने वीसजणांना असं जेवण सुरू केलं, आणि एकालाही न्यूमोनिया झाला नाही. आदल्या वर्षी पूर्ण चाचणी झालेल्या वीसजणांपैकी एकाला झाला होता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, म्हणून लहान चाचणी पूर्ण चाचणीइतकीच सुरक्षित आहे.

बाईंना ते वाक्य दाताखाली खडा यावा तसं लागलं. फरक आढळला नाही आणि फरक नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. वीस माणसांत मोठा फरकसुद्धा लपून बसतो. न्यूमोनिया दहातल्या एकाला होत असला, तरी वीसजणांत एकही न दिसण्याची शक्यता आठात एक. म्हणजे कधीही घडण्यासारखी गोष्ट. बाईंनी हे कागदावर मांडलंही नाही. पोळी फुगली की कळतं तसं त्यांना ते कळलं.

सर म्हणाले, "मॅडम, आज तुमचा प्रश्न नाही का?"

सगळी बैठक त्यांच्याकडे वळली. ओठांच्या कोपऱ्यांत संमेलन अजून शिल्लक होतं. पाठीमागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हटलं, "अजून थोडे येऊ द्या," आणि दोन-तीन खांदे हलले. बोलकी मंचावर हातात पॉइंटर धरून उभी होती, बाईंकडे बघत.

बाईंचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

आत्ता विचारलं तर हसतील. आणि टोकलं तर म्हणतील, नक्कल झोंबली, सूड उगवला. ही दोन कारणं बाईंना स्पष्ट दिसली. तिसरंही एक होतं, ते त्यांनी पाहिलं नाही. बघायचं नाही म्हणून पाहिलं नाही. ते असं होतं: जाऊ दे ना हिचा निबंध असाच पुढे. छापायला पाठवला की बाहेरचे परीक्षक सोलून काढतील, तेव्हा कळेल पोरीला, कोण काठावर होतं आणि कोण बुडत होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "ठीक आहे."

मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच. सर खूश झाले. सोमवारपासून वॉर्डात लहान चाचणी लागू झाली.

*

काही आठवड्यांनी बाई दुसऱ्याच कामासाठी वॉर्डात गेल्या होत्या. सिस्टर खाटेवरची चादर ओढून काढत होती.

"हा कुठे गेला? शिंपीकाका?" बाईंनी विचारलं. दरवेळी येताजाता तो म्हातारा डाव्या हाताने सलाम ठोकायचा, कारण उजवा उचलत नव्हता.

"आयसीयूत. न्यूमोनिया." सिस्टरने चादरीची गुंडाळी काखेत मारली. "चांगला सुधारत होता हो. चहा प्यायला लागला होता."

"चाचणी झाली होती?"

"झाली की. लहानवाली. एकदम पास. खोकला नाही, काही नाही." सिस्टर बाईंकडे बघून म्हणाली, "काय झालं? बसा, मॅडम. रंग उडालाय तुमचा."

आयसीयूच्या बाहेर बाकावर शिंप्याची बायको बसली होती. मांडीवर रिकामा थर्मास. बाई तिथून निघून जाणार होत्या, पण पाय निघेनात. शेजारी बसल्या.

"तुम्ही डॉक्टर का, ताई?"

"नाही. मी... आकड्यांचं काम करते."

"बिलाचं?"

"नाही, तसं नाही."

म्हातारीने मान डोलावली. आकड्यांचं म्हणजे काय, हे तिला विचारायचंही नव्हतं. तिला सांगायचं होतं. "मीच पाजला चहा. चार घोट जास्त. म्हणाले, अजून दे, सिस्टर बघत नाही तोवर. बेचाळीस वर्षं चहा मीच देतेय. म्हटलं, पिऊ दे. सुनेने तोंडावर सांगितलं, आई, तुमच्या लाडांनी गेले बाबा आत. खरंच आहे तिचं."

बाईंना खरं ते सांगायचं होतं. म्हणावं, काकू, चहाची परवानगी आम्ही दिली होती. म्हणावं, तुम्ही चार घोट जास्त दिलेत, आणि मी दोन शब्द कमी बोलले. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"असं मनाला लावून घेऊ नका."

ती दिलाशाची ओळ स्वतःच्याच कानांना इतकी खोटी लागली, की बाई उठल्या आणि जिना उतरून खोलीत आल्या. खळीच्या वासात दार लावून बसल्या. डोक्यात एकच चित्र फिरत होतं: म्हातारी आयुष्यभर चहा गाळताना थांबणार, आणि त्या थांबण्याला आपण जबाबदार. चूक झाली असती तर माणूस सांगतो, चुकलं. इथे चूक झालीच नव्हती. दिसलं होतं, समजलं होतं, आणि मग गप्प बसल्या होत्या. त्याला मराठीत वेगळा शब्द आहे, तो बाईंना स्वतःसाठी उच्चारवत नव्हता.

दारावर टकटक झाली. बोलकी. पहिल्यांदाच न बोलता आत आली.

"शिंपीकाकांचं कळलं?" शेवटी तीच म्हणाली.

"कळलं."

"माझ्यामुळे झालं."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मीच तीन चमचे पाजले. मीच पास केलं. मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?" ती अजून उभीच होती. "तुम्ही त्या दिवशी विचारलं का नाहीत?"

बाईंनी टेबलावरचे कागद सरळ केले.

"मी रात्रभर उत्तर पाठ करून आले होते. मॅडम किती जणं विचारतील, मी म्हणेन वीस, मॅडम म्हणतील पुरेसं नाही, मी म्हणेन मग किती लागतील ते सांगा, आपण मिळून करू. मला तुमच्याकडून तेच हवं होतं. आणि तुम्ही म्हणालात ठीक आहे." तिचा आवाज चिरका झाला. "मला वाटलं, म्हणजे खरंच ठीक असणार. कितीजणबाईंनी सोडलं म्हणजे आकडा पुरला. मी आईला फोन करून सांगितलं."

असा मार बाईंना कुणी कधी दिला नव्हता. परीक्षकाच्या हातून हिची खोड मोडेल असं त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटलं होतं. आणि ही पोरगी त्यांच्याच प्रश्नाची वाट बघत उभी होती, पॉइंटर घट्ट धरून.

"नक्कल केली म्हणून राग होता का?" बोलकीने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हो."

"मी ती प्रेमाने केली होती, मॅडम."

"माहितेय. आता माहितेय. बस ना, उभी काय राहिलीस? बस."

बोलकी बसली, आणि ढसाढसा रडली. बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. पाणी पिताना तिला ठसका लागला, आणि दोघी एकदम थांबून त्या ठसक्याकडे बघत राहिल्या.

"खोकला येतोय हे चांगलं," बोलकी नाक पुसत म्हणाली. "काकांना तो आलाच नाही. काहीजणांचा घसा इतका बधिर होतो की पाणी चुकीच्या वाटेने जातं आणि आतून कुणी ओरडतच नाही. ते कॅमेऱ्यातच दिसतं. मला माहीत होतं हे. वाटलं, असे थोडेच असतील."

"थोडे म्हणजे किती, हेच तर वीसजण सांगू शकत नाहीत," बाई म्हणाल्या.

*

गुरुवारी बाईंनी विषय काढला तेव्हा बैठक संपत आली होती आणि लोक खुर्च्या मागे सारत होते.

"लहान चाचणीबद्दल बोलायचंय, सर. शिंपी रुग्णावरून."

सरांनी हसून हात वर केले. "मॅडम. एका रुग्णावरून? तुम्ही?"

झालं. सगळे हसले. हा बाण त्यांच्याच भात्यातला होता, आणि अगदी बरोबर बसला होता.

"बरोबर आहे," हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या. "एका माणसावरून चाचणी वाईट ठरत नाही."

"मग? शिवाय मी हिशेब बघितलाय. पहिले वीस, त्यानंतर बारा. बत्तीसजणांत एक. जुन्या पद्धतीत वीसात एक. म्हणजे नवीच बरी निघाली की. शितावरून भाताची परीक्षा, मॅडम."

"भात एका भांड्यात, एका पाण्यात, एका आचेवर शिजलेला असतो, सर. म्हणून एक शीत पुरतं. माणसं तशी शिजत नाहीत." कुणी हसलं नाही. बाईंनी फळ्यावर आकडे लिहिले. "बत्तीसात एक. एवढ्यावरून खरं प्रमाण शंभरात एकाहून कमीही असू शकेल आणि सोळाही. जुन्या पद्धतीचे तर वीसच. तिथे एकाहून कमी ते पंचवीस. हे दोन पट्टे एकमेकांवर पडलेत. यातून नवी बरी की जुनी, कुणीच सांगू शकत नाही. मीही नाही."

"मग पहिल्या वीसांत शून्य होतं, त्याचं काय?"

"शून्य दिसलं की माणूस फसतो. ढोबळ रीत आहे. एकही सापडला नाही, तर तीनाला माणसांच्या संख्येने भागायचं. तीन भागिले वीस. म्हणजे शंभरात पंधरापर्यंत काहीही असेल, तरी असं शून्य दिसू शकतं. डोळे मिटून चारदा रस्ता ओलांडला आणि मेलो नाही, म्हणून डोळ्यांची गरज नाही, असं आपण म्हणत नाही. शंभरात एकाहून कमी असं छातीठोक म्हणायचं, तर तीनशे माणसं लागतील, आणि त्यांच्यात एकही नको."

सर आता हसत नव्हते. "तीनशे? त्याला वर्षं लागतील. तोवर लोकांना नळीवर उपाशी ठेवायचं? ते नुकसान नाही?"

"आहे. ते खरं नुकसान आहे, आणि त्यासाठीच हिने ही चाचणी काढली. मला एवढंच म्हणायचंय, निबंधात 'इतकीच सुरक्षित' लिहिता येणार नाही. 'अजून माहीत नाही' लिहावं लागेल."

तेवढ्यात बोलकी उभी राहिली. "सर, लहान चाचणीत नापास होईल तो नळीवरच राहील. पास होईल त्याचा कॅमेरा जेवणाआधी करू. मी शनिवारीही येईन. दोन दिवसांचा एक दिवस होईल."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, काढलं. मग त्यांनी विचारलं तो प्रश्न, जो बाई आठवडाभर स्वप्नात ऐकत होत्या. "मॅडम, हे सगळं तुम्हाला त्या दिवशी दिसलं नव्हतं?"

सहज म्हणता आलं असतं, नजरचूक झाली. सगळ्यांनी मान डोलावली असती. नजरचूक माफ असते.

"दिसलं होतं," बाई म्हणाल्या. "मी बोलले नाही."

पाठीमागच्या रांगेत ज्याने त्या दिवशी कुजबूज केली होती, तो तरुण डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होता. बाईंना वाटलं होतं की कबूल केल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आजवर एकटीला दिसत होतं, ते आता सगळ्यांना दिसत होतं, इतकंच.

"ठीक आहे," सर पेन खिशाला लावत म्हणाले. "उद्यापासून कॅमेरा परत सुरू."

*

शिंपीकाका आयसीयूतून बाहेर आले. नाकात नळी, गाल आत गेलेले. डावा हात चादरीवर पडून होता, सलाम नव्हता. त्यांची बायको बाहेर त्याच बाकावर, थर्मास मांडीवर. तो आता धुऊन उपडा ठेवल्यासारखा कोरडा होता.

बाई पुन्हा तिच्या शेजारी बसल्या.

"काकू, तो चहा."

"नको, ताई. त्याचं नाव नको."

"ऐका तरी. चहा प्यायला हरकत नाही, असं तुम्हाला आम्ही सांगितलं होतं. दोन घोट प्या, सहा प्या, असं काही सांगितलं नव्हतं. ज्या चाचणीवर आम्ही ते ठरवलं, ती पुरेशा माणसांवर पारखलेली नव्हती. घोट चुकीच्या वाटेने जातोय का, ते तिच्यात दिसलंच नाही. तुमच्या हातून काही झालं नाही. सुनेलाही मी सांगेन, हवं तर."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ते बघणंच माझं काम आहे. किती माणसांवर पारखलं, ते विचारायचं."

"मग विचारलं नाहीत?"

"नाही."

"का?"

बाईंनी हातातल्या चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडवली. "लोक हसले होते मला. त्याआधी, एका कार्यक्रमात. नक्कल केली होती माझी."

वाक्य बाहेर पडलं आणि दोघींच्या मधे बाकावर येऊन बसलं. केवढंसं होतं ते. आयसीयूच्या दारासमोर, नळ्या आणि यंत्रांच्या आवाजात, शाळकरी मुलीच्या रुसव्याएवढं.

"एवढ्यासाठी?" म्हातारीने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"एवढ्यासाठी," बाई म्हणाल्या.

सफाईवाला येऊन त्यांच्या पायांखालून पोछा फिरवून गेला. दोघींनी एकाच वेळी पाय उचलले आणि एकाच वेळी खाली ठेवले.

"आता परत बघणार म्हणे, गिळता येतंय का," म्हातारी म्हणाली.

"हो. या वेळी कॅमेऱ्याने."

"तुम्ही असाल तिथे?"

"माझं तिथे काही काम नसतं, काकू."

"तरी असा," म्हातारी म्हणाली. विनंती नव्हती, क्षमाही नव्हती. थोरली जाऊ धाकटीला कामाला लावते तसा तो आवाज होता.

चाचणीच्या खोलीत बाई पहिल्यांदाच गेल्या. इतकी वर्षं कागदावर जी माणसं मोजली, त्यातलं एक माणूस खुर्चीत ताठ बसवलेलं होतं, नाकात काळी बारीक तार, डोळे मोठे झालेले. पडद्यावर त्याच्या घशाचं ओलं, गुलाबी आतलं दार. बोलकीने चमचा पुढे केला. दुधाला निळा रंग दिलेला होता.

"काका, हळूच. घेतलं? आता गिळा. घाई नाही."

पडद्यावर निळं उतरलं, घसा आवळला तसं क्षणभर सगळं पांढरं झालं, आणि पुन्हा दिसू लागलं. श्वासनलिकेचं तोंड स्वच्छ होतं.

म्हातारीने पदराने तोंड दाबलं होतं. "गेलं ना नीट? ताई, गेलं ना? आता देऊ शकते?"

बोलकीने वळून पाहिलं. तिच्याकडे उत्तर होतं, पण ती थांबली होती. खोलीतले सगळे बाईंकडे बघत होते, आणि या वेळी ओठांच्या कोपऱ्यांत काहीही नव्हतं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"किती घोट झाले?" त्यांनी विचारलं. शेवटचा स्वर वर गेला, तो त्यांना ऐकू आला.

"एक," बोलकी म्हणाली.

"मग अजून बघ."

बोलकीने चमचा पुन्हा भरला.